शिखरांची जागा आणि शिखरांची रुंदी : झिंक ऑक्साइडच्या नॅनोकणांचा क्ष-किरण आरेख

झिंक ऑक्साइडचे नॅनोकण बनवण्याची एक सोपी रीत अशी : झिंक ॲसिटेटच्या द्रावणात सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण थेंबाथेंबाने सोडायचे, खाली बसलेला पांढरा साका धुऊन वाळवायचा आणि भट्टीत सुमारे ४०० अंश सेल्सिअसला दोनएक तास तापवायचा. हाती येते ती पांढरी भुकटी. ती झिंक ऑक्साइडच आहे का, त्यात झिंक हायड्रॉक्साइड शिल्लक राहिले आहे का, तिचे कण खरोखर नॅनोमीटरच्या मापाचे आहेत का, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. म्हणून अशा भुकटीवरील अहवालात बहुधा पहिली आकृती असते ती क्ष-किरण विवर्तनाच्या आरेखाची. एक आडवी रेषा, तिच्यावर उभी राहिलेली काही शिखरे आणि त्याखाली चार-सहा वाक्यांचे वर्णन. या वर्णनात दोन विधाने ठळकपणे येतात : पदार्थ कोणता आणि त्याचे स्फटिक किती लहान. पहिले शिखरांच्या जागेवरून काढले जाते, दुसरे त्यांच्या रुंदीवरून. दोन्ही एकाच आरेखातून येत असली, तरी दोहोंची विश्वासार्हता सारखी नसते.

आरेख कसा तयार होतो

स्फटिकातील अणू ठरावीक अंतरावरच्या समांतर थरांत रचलेले असतात. या थरांना प्रतले म्हणतात. झिंक ऑक्साइडमध्ये वेगवेगळ्या दिशांनी पाहिले तर वेगवेगळ्या अंतरांची प्रतले दिसतात आणि प्रत्येक संचाला तीन अंकांचे नाव असते : (१००), (००२), (१०१) इत्यादी. क्ष-किरणांची तरंगलांबी या अंतरांच्याच पट्टीतली असते. लागोपाठच्या प्रतलांवरून परावर्तित झालेल्या लहरींच्या मार्गांतला फरक नेमका एका तरंगलांबीइतका, किंवा तिच्या पूर्ण पटीत, आला की लहरी एकमेकींना बळ देतात आणि त्या कोनात तीव्र किरण मिळतो. लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१२ मध्ये मांडलेला नियम हाच :

```
nλ = 2d sinθ
```

यात d म्हणजे प्रतलांमधील अंतर, θ म्हणजे प्रतलाशी किरणाने केलेला कोन आणि λ म्हणजे तरंगलांबी. प्रयोगशाळांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या तांब्याच्या नळीतून येणाऱ्या मुख्य किरणाची तरंगलांबी ०.१५४०६ नॅनोमीटर असते.

मोजणीसाठी भुकटी एका उथळ खाचेत भरून तिचा पृष्ठभाग काचेच्या पट्टीने सपाट करतात. भुकटीत असंख्य स्फटिक सर्व दिशांना तोंड करून पडलेले असल्याने प्रत्येक कोनासाठी योग्य दिशेला वळलेले काही स्फटिक सापडतातच. ग्राहक एका कमानीवरून हळूहळू सरकतो, दर ०.०२ अंशाला थांबून किती किरण आले ते मोजतो. आडव्या अक्षावर 2θ आणि उभ्या अक्षावर तीव्रता मांडली की आरेख तयार. आडव्या अक्षावर θ नसून 2θ असतो, ही गोष्ट पुढच्या प्रत्येक गणितात ध्यानात ठेवावी लागते.

जागेवरून ओळख

समजा, वर सांगितल्याप्रमाणे बनवलेल्या भुकटीचा २० ते ८० अंशांपर्यंतचा आरेख घेतला आणि ठळक शिखरे ३१.८०, ३४.४५, ३६.२८, ४७.५७, ५६.६३, ६२.८९ आणि ६७.९९ अंशांवर मिळाली. ही यादी प्रमाणित नोंदींशी ताडून पाहायची असते. अशा नोंदींचा मोठा संग्रह पूर्वी जेसीपीडीएस ही संस्था ठेवत असे. १९७८ पासून तिचे नाव आयसीडीडी झाले, तरी जुने नाव अहवालांमध्ये अजून टिकून आहे. झिंक ऑक्साइडच्या षट्कोनी, वुर्टझाइट रचनेची बहुतेक अहवालांत येणारी नोंद ३६-१४५१ या क्रमांकाची. तिच्यात पहिली तीन शिखरे ३१.७७, ३४.४२ आणि ३६.२५ अंशांवर आहेत आणि ती अनुक्रमे (१००), (००२) आणि (१०१) या प्रतलांची आहेत. त्यानंतरची चार (१०२), (११०), (१०३) आणि (११२) यांची.

एखादे शिखर जुळले म्हणून ओळख पटत नाही, कारण वेगळ्या पदार्थाचेही एखादे शिखर त्याच कोनात येऊ शकते. सगळी शिखरे जुळली पाहिजेत, नोंदीतले एकही ठळक शिखर गायब असता कामा नये आणि उंचीचे प्रमाणही साधारण तेच हवे. या नोंदीत सर्वांत उंच शिखर (१०१) चे. त्याची उंची १०० धरली तर (१००) ची ५७ आणि (००२) ची ४४ येते. प्रत्यक्षात (१००) फारच उंच आणि (००२) खुजे दिसले, तर पदार्थ बदलला असे लगेच म्हणता येत नाही. कण लांबट काड्यांसारखे असतील तर पृष्ठभाग सपाट करताना ते आडवे पडतात आणि त्यांच्या बाजूची प्रतले वर येतात. मग (१००) ला वाजवीपेक्षा जास्त वाटा मिळतो. भुकटी दाबून न भरता हलक्या हाताने पुन्हा भरली आणि प्रमाण बदलले, तर कारण कणांच्या मांडणीत होते हे कळते.

नोंदीत नसलेले शिखर दिसले तर ते दुसऱ्या पदार्थाचे असण्याची शक्यता मोठी. भट्टी कमी पडली असेल तर झिंक हायड्रॉक्साइडची शिखरे २० ते २८ अंशांच्या पट्ट्यात दिसू शकतात. झिंक ऑक्साइडचे एकही शिखर त्या पट्ट्यात येत नसल्याने तिथे दिसलेला लहानसा उंचवटाही दुर्लक्षित करायचा नसतो. याउलट असे शिखर दिसले नाही म्हणून भुकटी शंभर टक्के शुद्ध ठरत नाही. स्फटिकी अशुद्धी एक-दोन टक्क्यांच्या आसपास असली तर तिचे शिखर पार्श्वभूमीच्या चढउतारात बुडून जाऊ शकते, आणि जिची रचना स्फटिकी नाही अशा अशुद्धीला तीक्ष्ण शिखरच नसते. म्हणून ‘नमुना शुद्ध आहे’ या वाक्याऐवजी ‘या मोजणीच्या मर्यादेत दुसऱ्या स्फटिकी पदार्थाचे शिखर आढळले नाही’ हे वाक्य खरे.

सगळी शिखरे थोडी सरकलेली का?

घेतलेल्या उदाहरणात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. प्रत्येक शिखर नोंदीपेक्षा सुमारे ०.०३ अंशाने पुढे आहे. कोन वाढला म्हणजे प्रतलांतले अंतर घटले, असे ब्रॅगचा नियम सांगतो. ३१.८० अंशांवरच्या (१००) शिखरावरून d काढला तर तो ०.२८१२ नॅनोमीटर येतो आणि षट्कोनी रचनेच्या सूत्राने एकक कोशिकेची बाजू a ०.३२४७ नॅनोमीटर येते. नोंदीत ती ०.३२५० आहे. इथून ‘नॅनो आकारामुळे जालक आकुंचन पावले’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो आणि पुष्कळ अहवालांत तो काढलेलाही असतो.

तो तपासण्याची सोय मात्र त्याच आरेखात असते. जालक खरोखर आकुंचन पावले असेल तर शिखराचे सरकणे tanθ च्या प्रमाणात वाढत जाते. ३१.८ अंशांवर ०.०३ अंशाचा फरक असेल तर ६८ अंशांच्या आसपास तो ०.०७ अंशापर्यंत पोचायला हवा. इथे ६७.९९ अंशांवरही फरक ०.०३ च आहे. म्हणजे कारण दुसरीकडे शोधायला हवे. भुकटीचा पृष्ठभाग यंत्राला अपेक्षित असलेल्या पातळीपेक्षा वर राहिला, तर सगळी शिखरे पुढे सरकतात आणि हे सरकणे cosθ च्या प्रमाणात असल्याने या पट्ट्यात जवळजवळ सारखे राहते. नमुन्यापासून ग्राहकापर्यंतचे अंतर २०० मिलिमीटर असलेल्या यंत्रात ०.०३ अंश सरकायला पृष्ठभाग सुमारे ०.०५ मिलिमीटर वर असणे पुरते. साध्या कागदाची जाडीही साधारण याच्या दुप्पट असते. काचेची पट्टी फिरवताना भुकटीचा एवढा थर खाचेच्या काठावर सहज राहून जातो.

म्हणून जालकाची मापे महत्त्वाची असतील तेव्हा भुकटीत थोडे शुद्ध सिलिकॉन मिसळून मोजणी करतात. सिलिकॉनच्या शिखरांच्या जागा अत्यंत अचूक ठाऊक असतात. ती जितकी सरकलेली दिसतील, त्यावरून संपूर्ण आरेखाची दुरुस्ती करता येते. उदाहरणातल्या शिखरांतून ०.०३ अंश वजा केले की a पुन्हा ०.३२५० नॅनोमीटर येतो आणि आकुंचनाचा प्रश्नच उरत नाही.

लहान स्फटिकाचे शिखर रुंद का असते

ब्रॅगचा नियम एक नेमका कोन सांगतो, पण नॅनोकणांची शिखरे पसरट दिसतात. कारण लहरी एकमेकींना कशा पुसून टाकतात, यात आहे. समजा, कोन किंचित चुकला आणि लागोपाठच्या प्रतलांमधील मार्गफरक १ ऐवजी १.०१ तरंगलांबी झाला. पहिल्या आणि दुसऱ्या प्रतलाच्या लहरी तरीही जवळपास जुळलेल्याच राहतील. पण पहिल्या प्रतलापासून पन्नास थर खाली असलेल्या प्रतलाची लहर अर्ध्या तरंगलांबीने मागे पडलेली असेल आणि ती पहिलीला पुसून टाकेल. दुसऱ्या प्रतलाची लहर बावन्नाव्याशी, तिसऱ्याची त्रेपन्नाव्याशी अशा जोड्या लागत जातात. हजारो थर असलेल्या मोठ्या स्फटिकात प्रत्येकाला जोडीदार मिळतो, त्यामुळे इतका थोडा कोन चुकला तरी तीव्रता शून्यावर येते आणि शिखर सुईसारखे अरुंद राहते. सतरा नॅनोमीटरच्या स्फटिकात (१००) ची प्रतले साधारण साठच असतात. त्यांतल्या मधल्या चाळीस थरांना पुसणारे कोणी नसते. तीव्रता उरते आणि शिखर दोन्ही बाजूंना पसरते.

हा संबंध पॉल शेरर यांनी १९१८ मध्ये कलिलकणांचा आकार मोजण्यासाठी सूत्रात मांडला :

```
D = Kλ / (β cosθ)
```

यात D हा स्फटिककणाचा आकार, β ही शिखराची अर्ध्या उंचीवरची रुंदी आणि K हा कणाच्या घडणीवर अवलंबून असलेला, एकाच्या जवळपासचा स्थिरांक. बहुतेक अहवालांत तो ०.९ धरतात. सूत्र छोटे असले तरी त्यात टाकायची रुंदी नीट निवडावी लागते.

रुंदीचे गणित

उदाहरणातल्या (१०१) शिखराची अर्ध्या उंचीवरची रुंदी ०.४८ अंश मिळाली असे धरू. यातली सगळी रुंदी स्फटिकांची नसते. किरणांच्या फटी, नळीचा केंद्रबिंदू आणि ग्राहक यांमुळे अगदी मोठ्या, निर्दोष स्फटिकाचे शिखरही थोडे रुंद दिसते. यंत्राची ही स्वतःची रुंदी लँथॅनम हेक्साबोराइडसारख्या प्रमाणित भुकटीवर मोजतात. ती इथे ०.१२ अंश आहे असे समजू. ती वजा करायची, पण कशी, यावर उत्तर अवलंबून असते. शिखराचा आकार गाऊसच्या वक्रासारखा मानला तर वर्गांची वजाबाकी करून वर्गमूळ काढायचे, आणि ०.४६ अंश उरतात. लॉरेंट्झच्या वक्रासारखा मानला तर सरळ वजाबाकी करायची, आणि ०.३६ अंश उरतात.

हे अंश रेडियनमध्ये बदलून, आणि कोन 2θ चा अर्धा म्हणजे १८.१४ अंश घेऊन, सूत्रात घातले की तीन उत्तरे मिळतात. यंत्राची रुंदी वजाच केली नाही तर १७.४ नॅनोमीटर, गाऊस धरून १८.०, लॉरेंट्झ धरून २३.२. खरी शिखरे बहुधा या दोन वक्रांच्या मधली असतात. त्यामुळे या शिखरावरून खात्रीने सांगता येते ते इतकेच की स्फटिकांचा आकार वीस नॅनोमीटरच्या आसपास आहे. ‘१७.४१ नॅनोमीटर’ असे दोन दशांश स्थळांपर्यंत लिहिलेले उत्तर मोजणीत नसलेली अचूकता दाखवते.

गणितातल्या दोन चुका वारंवार होतात. पहिली, रुंदी रेडियनमध्ये न बदलणे. तसे केले तर इथे उत्तर ०.३ नॅनोमीटर येते. झिंक ऑक्साइडच्या एकक कोशिकेची उंचीच ०.५२ नॅनोमीटर असल्याने ही चूक ताबडतोब पकडता येते. दुसरी चूक म्हणजे cosθ ऐवजी cos2θ घेणे. तिने उत्तर साधारण १८ टक्क्यांनी वाढते, पण विचित्र दिसत नाही. म्हणून ती छापून आलेल्या अहवालांतही टिकून राहू शकते आणि आकडे पुन्हा मांडल्याशिवाय सापडत नाही.

एक शिखर की अनेक?

अनेक अहवालांत सर्व शिखरांवरून आकार काढून त्यांची सरासरी दिलेली असते. सरासरीत माहिती हरवते. शेररचे सूत्र ज्या प्रतलांवर लावले, त्यांच्या लंब दिशेतली लांबी सांगते. (००२) ची प्रतले षट्कोनी स्तंभाच्या माथ्याला समांतर असतात, म्हणून त्यांच्या शिखरावरून c अक्षाच्या दिशेतली लांबी मिळते. (१००) आणि (११०) वरून आडवी जाडी मिळते. उदाहरणात (००२) ची रुंदी ०.४०, (१००) ची ०.५० आणि (११०) ची ०.५४ अंश आहे असे घेऊ. गाऊसच्या रीतीने दुरुस्ती करून आकार येतात ते अनुक्रमे २२, १७ आणि १७ नॅनोमीटर.

या तीन आकड्यांतून दोन गोष्टी कळतात. स्फटिक c अक्षाच्या दिशेने थोडे लांबट आहेत. लॉरेंट्झच्या रीतीने आकडे बदलून (००२) चा ३० आणि (१००) चा २२ होतो, पण दोन्हींचे गुणोत्तर १.३ ते १.४ च्या आसपासच राहते. म्हणजे मूळ आकाराविषयी शंका असली, तरी लांबटपणाविषयी फारशी नाही. दुसरी गोष्ट जालकातल्या ताणाची. स्फटिकात काही ठिकाणी प्रतले दाबलेली आणि काही ठिकाणी ओढलेली असतील तर तेवढ्यानेही शिखर रुंद होते. ही रुंदी tanθ प्रमाणे वाढते, आकारामुळे आलेली मात्र १/cosθ प्रमाणे, म्हणजे बरीच सावकाश. ताण मोठा असता तर मोठ्या कोनातल्या (११०) वरून काढलेला आकार (१००) वरच्यापेक्षा लहान आला असता. दोन्ही सारखे आले, म्हणून ताणाचा वाटा थोडा आहे असे म्हणता येते. अनेक शिखरांवरून आकार आणि ताण वेगळे करण्याची विल्यमसन आणि हॉल यांची १९५३ ची आलेखरीत याच फरकावर उभी आहे. लांबट स्फटिकांच्या बाबतीत तिचे बिंदू एका रेषेत येत नाहीत, आणि ते बळेच एका रेषेत बसवले तर नसलेला ताण दिसू लागतो.

स्फटिककण म्हणजे कण नव्हे

शेररचे सूत्र सलग, एकाच दिशेने रचलेल्या स्फटिकाचा आकार देते. भुकटीचा एक कण अशा अनेक स्फटिकांचा मिळून बनलेला असू शकतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात ८० नॅनोमीटरचे कण दिसले आणि आरेखावरून २० नॅनोमीटर आले, तर त्यात विरोध नाही. वेगळ्या गोष्टी मोजल्या आहेत. भुकटीत लहानमोठे स्फटिक मिसळलेले असतील तर आरेखात मोठ्यांचे वजन जास्त पडते, कारण किरणांत त्यांचा वाटा आकारमानाच्या प्रमाणात असतो. आणि स्फटिक १०० नॅनोमीटरच्या पुढे गेले की त्यांच्यामुळे आलेली रुंदी यंत्राच्या रुंदीपुढे इतकी थोडी उरते की साध्या यंत्रावर हे सूत्र भरवशाचे राहत नाही.

अहवालात काय लिहावे

चांगल्या वर्णनात मोजणीची स्थिती, ओळख, जालक आणि आकार याच क्रमाने येतात, आणि मोजलेले व अनुमानलेले वेगळे दिसते. वरच्या उदाहरणाचे वर्णन असे लिहिता येईल :

‘तांब्याच्या किरणांनी (λ = ०.१५४०६ नॅनोमीटर) २० ते ८० अंश 2θ या पट्ट्यात, ०.०२ अंशाच्या टप्प्याने आरेख घेतला. नमुन्याच्या उंचीमुळे आलेला ०.०३ अंशाचा फरक वजा केल्यावर सर्व शिखरे झिंक ऑक्साइडच्या षट्कोनी वुर्टझाइट रचनेशी (नोंद ३६-१४५१) जुळतात. इतर स्फटिकी पदार्थाचे शिखर मोजणीच्या मर्यादेत आढळले नाही. जालकाची मापे a = ०.३२५० आणि c = ०.५२०७ नॅनोमीटर. यंत्राची ०.१२ अंश रुंदी गाऊसच्या रीतीने वजा करून, K = ०.९ धरून, शेररच्या सूत्राने स्फटिककणांचा आकार c अक्षाच्या दिशेत सुमारे २२ आणि त्याच्या लंब दिशेत सुमारे १७ नॅनोमीटर येतो. वजाबाकीची रीत बदलल्यास हे आकडे साधारण एकतृतीयांशापर्यंत वाढू शकतात.’

यातले शेवटचे वाक्य बहुतेक अहवालांत नसते. ते असले म्हणजे दुसऱ्या प्रयोगशाळेत त्याच भुकटीचा आकार २८ नॅनोमीटर आला तर तो फरक भुकटीचा की गणिताचा, हे वाचणाऱ्याला ठरवता येते.